गेटवर पोचण्याआधी वाचायचा मेल

बजबजला हुगळीच्या पूर्व काठावर तेलाच्या जेट्ट्या आहेत. तिथून पाइपलाइनी निघतात, त्या साठवणटाक्यांपर्यंत येतात, आणि टाक्यांतून भरलेले टँकर बजबज ट्रंक रोडने बाहेर पडतात. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्थान पेट्रोलियम या तिन्ही कंपन्यांचं तेल इथे साठतं, शिवाय काही खासगी टर्मिनलंही आहेत. त्यांपैकी एकात मी मनुष्यबळ विभागात काम करते. आधी उरणला असंच काम केलं होतं, त्यामुळे टाक्या, गँट्री, परमिट हे शब्द मला नवे नव्हते. नवीन रुजू होणाऱ्यांना जाणारा स्वागताचा मेल नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं ते गेटवरच्या वहीमुळे.

प्रत्येक गेटवर आत-बाहेरची नोंदवही असते. आमच्या वहीत ‘आगमन’ आणि ‘प्रवेश’ असे दोन वेगळे रकाने आहेत. टँकरवाल्यांसाठी ते केलेले, कारण टँकर किती वेळ खोळंबला याचा हिशेब द्यावा लागतो. पण सुरक्षारक्षक सगळ्यांसाठीच दोन्ही रकाने भरतात. लातूरकडचा एक मुलगा, केमिकलचा डिप्लोमा झालेला, ट्रेनी ऑपरेटर म्हणून आला तेव्हा त्याच्या नावापुढे आगमन ७.४० आणि प्रवेश १०.२० असं लिहिलेलं होतं. मध्ये जवळपास पावणेतीन तास. मी मागची पानं उलटली, तर जवळपास प्रत्येक नव्या माणसाच्या नोंदीत असाच मोठा फरक. गेटवरच्या दादांना विचारलं, तर ते म्हणाले, “दीदी, नवीन लोक सगळे असेच बसतात. त्यांच्याकडे आमच्या कामाचा एकही कागद नसतो.”

कागद नव्हता असं नाही, मेल गेला होता. मी त्या मुलासोबत बसून तो मेल त्याच्या फोनवर उघडला आणि त्याला पावणेतीन तास नेमके कशामुळे लागले ते एकेक करून पाहिलं.

मेलचा विषय कंपनीच्या नावाने सुरू होत होता, मग ‘परिवारात स्वागत’, मग संदर्भ क्रमांक. फोनच्या पडद्यावर विषयाचे पहिले पाच-सहा शब्दच दिसतात, म्हणून यादीत त्याला फक्त कंपनीचं नाव दिसत होतं. आत आधी व्यवस्थापकीय संचालकांचा संदेश, मग कंपनीचा इतिहास, मग मूल्यं. रुजू होण्याची वेळ चौथ्या परिच्छेदात, एका लांब वाक्याच्या पोटात. पत्ता होता, पण तो कोलकात्यातल्या मुख्य कचेरीचा, कारण तो लेटरहेडवर छापलेलाच असतो. संपर्कासाठी विभागाचा सामायिक ईमेल आणि मुख्य कचेरीतला एक लँडलाइन नंबर. ती कचेरी उघडते दहाला. आमच्या गेटवर पहिली पाळी सकाळी सहाला सुरू होते. म्हणजे ज्या वेळेला माणूस गेटवर उभा असतो, त्या वेळेला मेलमधला एकही नंबर कोणी उचलत नाही. त्या मुलाने लँडलाइनवर फोन केले होते, रिंग वाजत राहिली.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, तो मेल फोनमध्ये होता. तेलाच्या टर्मिनलला परवान्याचं क्षेत्र असतं, आणि त्या क्षेत्रात मोबाइल, काडेपेटी, लायटर नेता येत नाही. हा नियम कोणाच्या लहरीवर नाही. ज्या तेलाचा फ्लॅश पॉइंट २३ अंश सेल्सिअसच्या खाली आहे ते पेट्रोलियमच्या ‘अ’ वर्गात मोडतं, आणि पेट्रोलचा तर त्याहून कितीतरी खाली आहे. बजबजच्या ऐन जानेवारीतही त्याची वाफ पेट घेऊ शकते. म्हणून गेटवर फोन जमा होतो आणि बिल्ला मिळतो. फोन जमा झाला की त्यासोबत मेलही गेला. आत कोणाला भेटायचं, कुठल्या इमारतीत जायचं, हे त्या मुलाला आठवत असेल तेवढंच. शिवाय त्याच्या पायात स्पोर्ट्स शूज होते. सेफ्टी शूज कंपनी देते, पण ते स्टोअरमधून मिळतात, आणि मापाची मागणी आधी गेलेली नव्हती. त्याच्या मापाचे बूट शोधण्यातही वेळ गेला.

हे सगळं मांडल्यावर मला वाटलं होतं की आता भाषा सुधारली की झालं. लांब वाक्यं तोडायची, पत्ता वर आणायचा, मोकळ्या स्वरात लिहायचं. एका संध्याकाळी लिहायला बसले आणि तिसऱ्याच वाक्यावर अडले. ‘पहिल्या दिवशी तुमचं सुरक्षा प्रशिक्षण होईल’ असं लिहिलं, आणि किती वाजता, कुठे, कोण घेणार हे लिहायला सेफ्टी ऑफिसरांना फोन केला. ते म्हणाले, “पहिल्या दिवशी नाही. सोमवारी आणि गुरुवारी घेतो. त्याशिवाय पास मिळत नाही.” म्हणजे मंगळवारी रुजू झालेला माणूस दोन दिवस प्रशासनाच्या खोलीत जुने अहवाल चाळत बसायचा. आमचा विभाग मात्र ज्याला जी तारीख सोयीची ती देत होता, आणि दोन्ही विभागांनी कधी एकमेकांना विचारलेलं नव्हतं.

जुना मेल पुन्हा वाचला तेव्हा त्यात या जागी ‘सुरक्षा प्रशिक्षणाबाबत संबंधित विभाग आपणांस कळवील’ असं वाक्य सापडलं. मग मी तसली सगळी वाक्यं पिवळ्या रंगाने अधोरेखित केली. ‘योग्य वेळी’, ‘लागू असल्यास’, ‘संबंधित अधिकारी’, ‘आवश्यक कागदपत्रं’. अशा प्रत्येक वाक्यामागे कोणाचं काम हे न ठरलेली एक गोष्ट होती. बूट कोण मागवणार हे ठरलेलं नव्हतं, म्हणून ‘आवश्यक साहित्य पुरवलं जाईल’. पहिल्या आठवड्यात ट्रेनी कोणाच्या हाताखाली, हे पाळीचा पर्यवेक्षक त्या दिवशी ठरवायचा, म्हणून ‘आपल्या रिपोर्टिंग अधिकाऱ्याशी संपर्क साधावा’. पहिला पगार कधी, हे लेखा विभागालाच ठाऊक, म्हणून त्याचा उल्लेखच नाही. मेल अस्पष्ट होता, कारण आमच्याकडे कामच अस्पष्ट होतं. ती वाक्यं सोपी करून लिहिली असती तर फक्त अडाणीपणा सोप्या भाषेत गेला असता.

म्हणून लिहिणं थांबवलं आणि पिवळ्या वाक्यांची यादी घेऊन एकेका टेबलावर गेले. सेफ्टीशी ठरलं की रुजू होण्याची तारीख सोमवार किंवा गुरुवारच असेल. हे एक वाक्य मिळवायला सगळ्यांत जास्त वेळ लागला, कारण नोकरीचं पत्र देणाऱ्या मुख्य कचेरीला आपल्या तारखा बदलायच्या नव्हत्या. शेवटी गेटच्या वहीची पानं त्यांच्यासमोर ठेवली, तेव्हा मान्य झालं. स्टोअरने सांगितलं की बुटाचं माप चार दिवस आधी मिळालं तर बूट गेटवरच ठेवता येतील. लेखा विभागाने सांगितलं की बँकेचा तपशील २० तारखेच्या आत आला तर पगार त्याच महिन्याच्या शेवटी, नाहीतर पुढच्या महिन्यात एकत्र. नवीन माणसाच्या मनात हाच प्रश्न सगळ्यांत मोठा असतो आणि तो विचारायला सगळ्यांत जास्त अवघडल्यासारखं होतं. घरभाड्याची अनामत भरून हातात काही उरलेलं नसतं, आणि घरून पैसे मागवायचे की नाही हे आधी कळलं तर माणूस निश्चिंत होतो. म्हणून तो मजकूर मी मेलमध्ये वरच्या भागात घेतला.

मग लिहिलं. मेल इंग्रजीत जातो, ऑपरेटरांसाठी बंगाली आणि हिंदी प्रतही जोडलेली असते. त्यातला मुख्य भाग इथे मराठीत देते, नावं आणि नंबर गाळून:

विषय: सोमवार सकाळी ८, गेट क्र. २, बजबज

नमस्कार. सोमवारी सकाळी ८ वाजता आपण आमच्यासोबत काम सुरू करत आहात. आम्ही वाट पाहत आहोत.

कुठे यायचं: बजबज टर्मिनल, गेट क्र. २ (ट्रंक रोडच्या बाजूचं. नकाशावरची खूण जेट्टीच्या गेटवर नेते, तिथून प्रवेश मिळत नाही). सियालदहहून बजबज लोकल पकडा. तिकिटाच्या ॲपवर स्टेशनचं नाव ‘कोमागाता मारू बजबज’ असं दिसेल, तेच शेवटचं स्टेशन. तिथून टोटो मिळतो.

गेटवर कोणाला विचारायचं: पाळीचे सुरक्षा पर्यवेक्षक (नाव, मोबाइल). ते सकाळी ६ पासून गेटवर असतात आणि त्यांच्याकडे आपलं नाव आहे.

पगार: बँकेचा तपशील आमच्याकडे २० तारखेच्या आत पोचला तर पहिला पगार त्याच महिन्याच्या शेवटी, नाहीतर पुढच्या महिन्यात एकत्र.

सोबत काय आणायचं: आधार, पॅन, एक फोटो, बँकेचं पासबुक किंवा रद्द केलेला धनादेश. आधी नोकरी केली असेल तर जुना यूएएन क्रमांक.

फोन गेटवर जमा करावा लागतो आणि संध्याकाळी परत मिळतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा. तातडीची गरज पडली तर त्यांनी या नंबरवर फोन करावा (नियंत्रण कक्ष, २४ तास). सोबत एक पानाचा कागद जोडला आहे, तो छापून खिशात ठेवा. छापता आला नाही तर गेटवर प्रत मिळेल.

या मेलच्या उत्तरात आजच बुटाचं माप कळवा.

घरच्यांबद्दलची ती ओळ मी एका ट्रेनीच्या आईच्या फोनवरून घातली. मुलगा दिवसभर फोन उचलत नाही म्हणून त्या माउलीने कुठून तरी आमचा नंबर शोधून काढला होता. रडवेल्या आवाजात बोलत होत्या. तो बिचारा आत व्यवस्थित काम करत होता.

स्टेशनच्या नावाचंही तसंच. २०१३ साली स्टेशनचं नामांतर झालं, पण स्थानिक माणसं आजही नुसतं बजबज म्हणतात, आणि बाहेरून आलेल्याला ॲपवरचं नाव पाहून आपण भलतीकडेच चाललोय असं वाटतं. २९ सप्टेंबर १९१४ला कोमागाता मारू जहाजातून परत आलेल्या प्रवाशांवर इथे गोळीबार झाला, त्यांचं स्मारक गावात आहे आणि त्याचं अनावरण १९५२ साली पंडित नेहरूंनी केलं होतं. जुन्या मेलमधला कंपनीचा इतिहास काढला तरी ही एक ओळ मी शेवटी ठेवली, पहिल्या रविवारी वेळ मिळाला तर स्मारक बघून या म्हणून. ज्या गावात राहायचं त्याची काहीतरी ओळख असलेली बरी, आणि जेवणाचीही. कॅन्टीनमध्ये मासे-भात असतोच, पण निरामिष ताट हवं असेल तर आदल्या संध्याकाळी सांगावं लागतं. हेही एका वाक्यात लिहिलं. महाराष्ट्रातून आणि राजस्थानातून येणाऱ्या कित्येकांना पहिल्या दिवशी नुसतं डाळ-भात खाऊन उठावं लागलं होतं.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र नुसतं सोपं लिहून भागणार नव्हतं. जुन्या मेलला फॉर्मांचा मोठा गठ्ठा जोडलेला असे आणि ‘सर्व भरून आणावेत’ अशी सूचना. लोक रात्री जागून भरत आणि निम्मे चुकीचे भरत. मी ते सगळे काढून टाकले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या खोलीत, आमच्यासमोर बसून भरायचे असं ठरवलं. एकच गोष्ट आधी तपासायला सांगितली: आधार, पॅन आणि शिक्षणाचं प्रमाणपत्र यांवर नाव सारखं आहे का. आपल्याकडच्या मुलांचं हे नेहमी अडतं. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पॅनवर कधी वडिलांचं नाव पूर्ण, कधी नुसतं आद्याक्षर. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात आधारशी नाव जुळलं नाही की केवायसी पुढे सरकत नाही, आणि ते दुरुस्त व्हायला आठवडे जातात. बंगालमधल्या सहकाऱ्यांना ही अडचण कळायला वेळ लागला, कारण त्यांच्याकडे नाव आणि आडनाव एवढंच असतं.

यूएएनचंही तसंच. आधीच्या नोकरीत यूएएन मिळालेला असतो, पण फॉर्म ११ मध्ये माणूस तो लिहीत नाही. विसरतो, किंवा जुन्या ठिकाणाबद्दल सांगायचं नसतं. मग कधीकधी नवा क्रमांक निघतो आणि जुने पैसे जुन्या क्रमांकात अडकतात. म्हणून ‘जुना यूएएन आणा, आठवत नसेल तर तसं सांगा, आपण मिळून शोधू’ एवढं लिहिलं. शेवटचे तीन शब्द घातल्यावर लोक खरंच सांगू लागले.

पहिल्या आठवड्याकडून काय अपेक्षा आहे, हे लिहिताना पाळीच्या पर्यवेक्षकांना घेऊन बसले. त्यांची यादी लांब होती: टाकीची डिप घेता यावी, गँट्रीवर भरणी कळावी, परमिटचे प्रकार पाठ असावेत. मी विचारलं, पहिला आठवडा संपताना कशावरून तुम्ही म्हणाल की हा मुलगा ठीक आहे? ते जरा थांबले आणि म्हणाले, सायरन वाजला तर कुठे पळायचं हे त्याला न विचारता कळलं पाहिजे. तिथून यादी उलटी झाली. खिशात ठेवायच्या कागदावर आता एवढंच आहे: पहिला आठवडा संपेपर्यंत तुम्हाला गेटपासून दोन्ही असेंब्ली पॉइंटपर्यंत एकट्याने चालत जाता यावं. चढउताराचा सायरन म्हणजे आग आणि सलग वाजणारा म्हणजे चाचणी किंवा धोका टळला, हा फरक सांगता यावा. वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी कुठून दिसते ते माहीत असावं, कारण वाफ पसरली तर वाऱ्याच्या आडवं निघायचं असतं. त्याखाली ठळक अक्षरांत: पहिल्या आठवड्यात टाकीवर एकट्याने चढायचं नाही, कोणत्याही परमिटवर सही करायची नाही, कोणी सांगितलं तरी. हे वाक्य पर्यवेक्षकांनी स्वतः सुचवलं. माणसं कमी असली की नव्या पोराला डिप घ्यायला वर पाठवलं जातं हे त्यांनाच ठाऊक होतं, आणि छापील कागद हातात असला की पोराला नाही म्हणता येतं.

२९ ऑक्टोबर २००९च्या जयपूरच्या तेल डेपोतल्या आगीनंतर एम. बी. लाल समितीच्या शिफारशी आल्या आणि सगळ्याच टर्मिनलांनी झडपा, मापकं, कॅमेरे बदलले. आमचे सेफ्टी ऑफिसर त्या काळापासूनचे. त्यांनी कागद वाचून एकच दुरुस्ती केली. ‘सायरन वाजल्यास असेंब्ली पॉइंटला जावे’ याच्या जागी ‘हातातलं काम तिथेच सोडा आणि चालू लागा’. त्यांचं म्हणणं, नवा माणूस हातातलं काम पूर्ण करायला थांबतो, त्याला वाटतं अर्धवट सोडलं तर रागावतील.

संपर्कांच्या यादीत आधी दहा-बारा पदनामं होती. आता चार आहेत, आणि प्रत्येकासमोर ‘कशासाठी’ आणि ‘किती ते किती’ लिहिलेलं आहे. गेट, पाळीचा सोबती, आमचा विभाग, नियंत्रण कक्ष. सोबती म्हणजे दोन-तीन वर्षांचा अनुभव असलेला ऑपरेटर, पहिला आठवडा तो नव्याबरोबर जेवतो. त्याचं नाव मेलमध्ये असतं, म्हणून त्या पाळीचं वेळापत्रक आधी पक्कं करावं लागतं, आणि त्यावर दर वेळी थोडी वादावादी होतेच. त्यांखाली वेगळ्या ओळीत अंतर्गत समितीच्या पीठासीन अधिकाऱ्यांचं नाव आणि नंबर. ते नोटीस बोर्डावरही असतं, पण पहिल्या आठवड्यात बोर्डासमोर उभं राहून तो नंबर टिपून घेणं कुठल्याही मुलीला सोपं नसतं. मेलमधून तो तिच्याकडे आपोआप पोचतो.

मसुदा तयार झाल्यावर तो आमच्यातल्या कोणालाच वाचायला दिला नाही. महिन्यापूर्वी रुजू झालेल्या दोघांना आणि गेटवरच्या दादांना दिला. वाचा आणि कसा वाटला सांगा असं विचारलं की सगळे छान म्हणतात, म्हणून प्रश्न दिले: आठ वाजता गेटवर पोचलात आणि कोणी ओळखलं नाही, कोणाला फोन कराल? बुटाचं माप कधी कळवायचं? पगार कधी होईल? उत्तर शोधायला बोट किती वेळा वर-खाली जातं ते बघत होते. पगाराच्या ओळीवर दोघंही अडले, कारण ‘२० तारखेच्या आत’ म्हणजे रुजू होण्याची तारीख की तपशील देण्याची, ते कळत नव्हतं. ती बदलली. गेटवरच्या दादांनी सांगितलं की गेट क्र. २ असं बाहेर कुठेच लिहिलेलं नाही, आतल्या लोकांनाच ते ठाऊक. त्या आठवड्यात गेटवर मोठा आकडा रंगवून घेतला.

आता वहीतले आगमन आणि प्रवेश हे रकाने पुष्कळ जवळ आले आहेत. तरी चुकतं. सुरक्षा पर्यवेक्षक बदलले आणि मेलमधला नंबर जुनाच राहिला, असं झालं. तेव्हापासून मेल पाठवण्याआधी आमच्या विभागातली एक व्यक्ती त्यातला प्रत्येक नंबर स्वतः लावून बघते.

आणि एक मोठा भाग अजून बाहेरच आहे. गँट्रीवर, साफसफाईला, रंगकामाला येणारी निम्म्याहून अधिक माणसं कंत्राटदारांची आहेत. त्यांच्याकडे ईमेल नाही, नेमणुकीचं पत्रही उशिरा मिळतं. कित्येक जण पलीकडच्या बाउरियाहून फेरीने येतात आणि आदल्या रात्री कोणाच्या तरी फोनवर कळतं की उद्या यायचं. त्यांच्यासाठी तो खिशातला कागद बंगाली आणि हिंदीत गेटवर ठेवला आहे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये मोठ्याने वाचून दाखवायचं ठरलं आहे. बुटाच्या मापाचं मात्र अजून जमलेलं नाही. नावंच आदल्या दिवशी कळत असतील तर माप कसं कळणार? नावं तीन दिवस आधी द्यावीत अशी अट नव्या कंत्राटांत घालायला सांगितली आहे, आणि खरेदी विभागाकडे तो मसुदा सध्या पडून आहे.